मूर्ती एक, कागद दुसऱ्याच मूर्तीचा

देवादिकांच्या जुन्या धातुमूर्ती मी बरीच वर्षं जमवते आहे. त्यातही खंडोबाच्या. टाक, मुखवटे, घोड्यावरचा खंडोबा-म्हाळसा, जे काही हाताशी येईल ते. आमचं कुळदैवतच ते, त्यामुळे ओढ घरातली. पण या मूर्ती मूळच्या कोणाच्या ना कोणाच्या देव्हाऱ्यातल्या नाहीतर देवळातल्या असतात, आणि विकायला येताना त्या दोन वाटांनी येतात: कुणीतरी राजीखुशीने विकलेल्या, किंवा उचलून आणलेल्या. दुकानाच्या काचेमागे दोन्ही सारख्याच दिसतात. ऑगस्ट 2022 मध्ये जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थच्या राममंदिरातून पंचधातूच्या मूर्ती गेल्या, तेव्हा सगळ्या महाराष्ट्रात बातमी झाली आणि पुढे पोलिसांनी त्या परतही मिळवल्या. पण समर्थांचं गाव नसलेल्या, बातमी न झालेल्या गावांमधल्या मूर्तींचं काय होतं, ते मला गेल्या वर्षी एका खरेदीच्या निमित्ताने जवळून कळलं.

पुण्यातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात घोड्यावरचा खंडोबा आला होता. पुढे खंडोबा, मागे म्हाळसा, घोड्याच्या पायाशी कुत्रा, खुरांखाली दैत्याचं मुंडकं. काम सुरेख. नाक-डोळे पुसट झालेले, म्हणजे पिढ्यान् पिढ्या हात फिरलेला. खोगिराच्या खाचांमध्ये भंडारा इतका घट्ट बसलेला की टोकदार काडीनेही निघेना. नव्या मूर्तीला चिंच आणि माती लावून जुनी करतात तेव्हा असा भंडारा घालता येत नाही. तो वरवर चिकटतो आणि ओल्या फडक्याने निघून येतो. मूर्ती जुनी होती याबद्दल मला शंका नव्हती, आणि म्हणूनच बाकीच्या शंका सुरू झाल्या.

आपल्याकडचा कायदा 1972 चा आहे, पुरावस्तू आणि कलानिधी कायदा. तो 1976 पासून लागू झाला. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती ही पुरावस्तू, आणि ती ज्याच्याकडे आहे त्याने तिची नोंदणी करून घ्यायची. पुरावस्तूंचा धंदा करायचा तर परवाना हवा. वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, देशात मात्र विकता-घेता येते. पुष्कळांना वाटतं की जुनी मूर्ती विकत घेणं हाच गुन्हा. तसं नाही. नोंदणी झालेली मूर्ती परवानाधारक दुकानातून उघडपणे घेता येते आणि मालकी बदलली की नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं. म्हणून पहिला प्रश्न मी नेहमी एकच विचारते: नोंदणीचा दाखला आहे का?

दुकानदाराकडे तो होता. त्याने आनंदाने झेरॉक्स काढून दाखवली. 1970 च्या दशकाच्या अखेरीचा दाखला, एका वाड्याच्या मालकाच्या नावाचा. सोबत शंभराच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र, की मूर्ती आमच्या घराण्याची वडिलोपार्जित आहे आणि आम्ही स्वखुशीने विकतो आहोत. भिंतीवर दुकानाचा परवाना काचेत लावलेला. "ताई, सगळं क्लिअर आहे, डोळे मिटून घ्या," असं तो म्हणाला.

नोटरी फक्त एवढंच सांगतो की या माणसाने माझ्यासमोर सही केली. लिहिलेलं खरं की खोटं हे तो तपासत नाही. परवाना दुकानाचा असतो, मूर्तीचा नसतो. तेव्हा या दोन कागदांचं वजन शून्य धरून मी दाखल्याकडे वळले. दाखल्यावर मालकाचं नाव-पत्ता, वस्तूचं वर्णन, धातू, मापं, अंदाजे काळ आणि शिक्का मारलेला फोटो असतो. झेरॉक्समध्ये फोटोचा नुसता काळा डाग झाला होता. मी मूळ दाखला मागितला. मूळ कागद मागितल्यावर वेळ का लागतो, याकडे मी नेहमी लक्ष देते. इथे काही दिवस लागले, पण आला.

फोटो पोस्टाच्या तिकिटाहून थोडा मोठा, काळा-पांढरा. त्यात घोडा, दोघे स्वार, कुत्रा. सगळं तेच. आणि नेमकं इथेच फसायला होतं, कारण घोड्यावरचा खंडोबा म्हटला की घोडा, दोघे आणि कुत्रा असणारच. देव जुळला म्हणजे मूर्ती जुळली असं होत नाही. या मूर्ती मेणाचा नमुना करून, त्यावर माती लिंपून ओततात आणि साचा फोडून मूर्ती बाहेर काढतात. प्रत्येक वेळी नवं मेण, नवा साचा, त्यामुळे दोन मूर्ती तंतोतंत सारख्या असूच शकत नाहीत. जुळवायची ती कारागिराच्या हातून राहून गेलेली खूण: वाकलेला कान, बुजवलेलं भोक, एका बाजूला जास्त साचलेला धातू. डोळे, आयुधं, मुकुट यांनी ओळख पटत नाही.

मी मूर्ती फोटोतल्यासारखीच त्याच कोनात ठेवली आणि भिंग घेऊन एकेक बघत गेले. फोटोतल्या घोड्याचं शेपूट खाली येऊन चौथऱ्याला टेकलेलं होतं. समोरच्या घोड्याचं शेपूट मोकळं, टोकाला गोल, ओतीव. तुटलं असतं तर तुटल्याची खरबरीत जागा दिसली असती आणि चौथऱ्यावर त्याचा ठिपका राहिला असता. दोन्ही नव्हतं. मग मापं घेतली. दाखल्यावर उंची साडेपंधरा सेंटिमीटर, मूर्ती भरली अठरा. "चौथरा सोडून मोजली असेल त्या काळी," असं उत्तर आलं. चौथरा मूर्तीसोबतच ओतलेला होता, पण तरी मी तो सोडूनही मोजून पाहिलं. आकडा तरीही जुळला नाही.

दाखला खरा होता. शिक्का खरा, कागद खरा. तो दुसऱ्या मूर्तीचा होता, इतकंच. या क्षेत्रातली ही जुनी रीत आहे. नोंदणी झालेली मूर्ती कधीतरी गुपचूप विकली जाते, मोडली जाते, हरवते. तिचा दाखला मात्र उरतो. मग तशाच दिसणाऱ्या बिनकागदाच्या मूर्तीला तो कागद जोडतात. म्हणून दाखला आहे का, एवढं विचारून भागत नाही. तो याच मूर्तीचा आहे का, आणि दाखल्यावरच्या माणसापासून विकणाऱ्यापर्यंत मूर्ती कशी आली, हे दोन प्रश्न त्याच्यामागून यावेच लागतात. मी मालकीबदल कळवल्याची पोच मागितली. नव्हती. दुकानदाराला त्याच्या खरेदीची नोंद दाखवायला सांगितलं; परवानाधारकाला वस्तूंची नोंदवही ठेवावी लागते. वही "अकाउंटंटकडे" होती. आणि मग तो मऊ आवाजात म्हणाला, "ताई, कशाला एवढं? बिल पितळी शोपीस म्हणून करून देतो, किंमतही कमी करतो."

हे वाक्य ऐकलं की मी थांबते. हस्तकलेची वस्तू म्हणून केलेलं बिल घेणाऱ्याला काहीच संरक्षण देत नाही. उलट पुरावस्तू आहे हे माहीत असून लपवलं, असा त्याचाच पुरावा होतो. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. जुळत नसलेला दाखला, गायब वही, खोटं बिल हे सगळं बघूनही घेतलं, तर "मला काय माहीत" असं म्हणायला जागा उरत नाही. आणि समजा खरोखरच माहीत नव्हतं, तरी मूर्ती आपली होत नाही. 1930 च्या मालविक्री कायद्याचं तत्त्व सरळ आहे: विकणाऱ्याकडे जी मालकी नव्हती ती तो मला देऊ शकत नाही. पैसे दुकानदाराकडे राहतात आणि मूर्ती मूळ मालकाकडे जाते.

खरेदीचा विषय माझ्यापुरता तिथेच संपला होता. पण ही मूर्ती कुठली, हा प्रश्न मला सोडेना. दुकानदाराने फोटो काढायला हरकत घेतली नव्हती, म्हणून मी सगळ्या बाजूंनी आणि चौथऱ्याच्या खालूनही फोटो काढून ठेवले होते. एक फूटपट्टी शेजारी ठेवून, म्हणजे मापाचा अंदाज राहतो.

आधी मोबाईलवर इंटरपोलचं ID-Art उघडलं. चोरीला गेलेल्या कलावस्तूंची त्यांची यादी त्यात फुकट शोधता येते. फोटो टाकून किंवा वर्णनावरून. काही निघालं नाही. निघेल अशी माझी फारशी अपेक्षाही नव्हती. या याद्यांमध्ये तीच वस्तू असते जिची चोरी कुणीतरी फोटोसकट, पोलिसांमार्फत वरपर्यंत कळवली आहे. "यादीत सापडली नाही" याचा अर्थ "चोरीची नाही" असा घेणं किती महागात पडतं, याचं मोठं उदाहरण तमिळनाडूतल्या श्रीपुरंधानच्या नटराजाचं आहे. कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाने तो 2008 मध्ये पन्नास लाख अमेरिकी डॉलरला घेतला. विकणारा सुभाष कपूर, न्यूयॉर्कचा दुकानदार. कागद असे दाखवले की मूर्ती दिल्लीत नेमणुकीवर असलेल्या एका सुदानी मुत्सद्द्याच्या कुटुंबाकडे होती आणि ती 1971 मध्ये, म्हणजे कायदा येण्याच्या आधीच, देशाबाहेर गेली होती. तारीख कशी बरोबर कायद्याच्या अलीकडची निवडली होती! चोरीच्या वस्तूंच्या खासगी नोंदवहीतही काही निघालं नव्हतं, कारण देवळातून ती गेल्याचं कुणी तिथे कळवलंच नव्हतं. शेवटी तिला ओळखलं ते पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने फार आधी देवळात काढून ठेवलेल्या फोटोने. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाने मूर्ती परत केली. तमिळनाडूतल्या हजारो मूर्तींचे असे फोटो आहेत म्हणून हे घडलं. आपल्या गावोगावच्या खंडोबांचे, भैरोबांचे, जोगेश्वरीचे असे फोटो कुणी काढून ठेवलेत? याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून मी मूर्तीलाच विचारायचं ठरवलं. चौथऱ्याच्या मागच्या पट्टीवर एक जागा बाकीच्यापेक्षा चकचकीत होती, कानस फिरवल्यासारखी. धातूवरचा जुना काळपटपणा तिथेच का नाही? अशी जागा दिसली की तिथे अक्षरं होती असं धरून चालावं. मंदिराला वाहिलेल्या मूर्तीवर बऱ्याचदा शके, देवाचं नाव, वाहणाऱ्याचं नाव आणि गाव कोरलेलं असतं, आणि चोराला गावाचं नाव सगळ्यात आधी घालवावं लागतं. मी त्या जागेचे फोटो खोलीत अंधार करून, मोबाईलचा टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून काढले होते. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. आडवा टाकला तर कानशीतून वाचलेल्या अक्षरांच्या तळाशी सावली धरते. टॉर्च वेगवेगळ्या बाजूंनी धरून काढलेले फोटो घरी शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा "शके 1776 आनंद" इतकं स्वच्छ लागलं, पुढे "चरणी", आणि मग "मौजे" नंतर गावाच्या नावाची पहिली दोन अक्षरं.

शके 1776 म्हणजे इसवी सन 1854. त्या शकाच्या संवत्सराचं नाव आनंदच आहे, पंचांगावरून ताळा घेतला. हा ताळा घ्यावाच, कारण जुनं भासवायला कोरलेल्या खोट्या लेखांमध्ये शक आणि संवत्सर बहुतेक वेळा जुळत नाहीत. इथे लेख खरा होता. त्या दोन अक्षरांनी सुरू होणारी आणि खंडोबाचं देऊळ असलेली गावं फार नव्हती. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात फोन लागला आणि सरपंचांनी गुरवांचा नंबर दिला.

गुरवकाकांना मी फोटो पाठवला नाही. आधी फोटो दाखवला की माणूस "हीच, हीच" म्हणतो. मग त्या ओळखीला काही अर्थ उरत नाही. मी गावात जाऊन त्यांना विचारलं, तुमच्या पालखीतल्या देवावर काही खूण होती का? ते लगेच म्हणाले, "घोड्याच्या मानेवर चौकोनी ठिगळ हाय बघा. लहानपणी आम्ही त्याला देवाच्या घोड्याचं तावीज म्हणायचो." माझ्या फोटोत घोड्याच्या मानेवर, डाव्या बाजूला, ओतताना राहिलेलं भोक बुजवायला बसवलेली चौकोनी चकती होती. पाच-सहा मिलिमीटरची. मग मी फोटो काढून त्यांच्या हातात दिला. काका कितीतरी वेळ काही बोलले नाहीत, आणि नंतर त्यांनी फोटोलाच हात जोडले.

देवळाच्या ट्रस्टच्या अध्यक्षांकडे एफआयआरची प्रत होती. चोरी पंधराएक वर्षांपूर्वीची, चंपाषष्ठीच्या आधीची. त्यात वर्णन काय होतं? "एक पितळी मूर्ती, उंची अंदाजे अर्धा फूट." घोडा नाही, म्हाळसा नाही, लेख नाही, फोटो नाही. अशा वर्णनाने जगातल्या कुठल्या यादीत ती मूर्ती सापडणार होती? पण दोन गोष्टी होत्या. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेला असल्यामुळे त्यांच्या नोंदपत्रकात, म्हणजे सगळे ज्याला परिशिष्ट एक म्हणतात त्यात, जंगम मालमत्तेखाली "श्री खंडोबा-म्हाळसा अश्वारूढ उत्सवमूर्ती, पंचधातू" अशी नोंद होती. आणि अध्यक्षांच्या घरी भिंतीवर पालखीचा एक जुना रंगीत फोटो होता. हारांमधून घोड्याची मान डोकावत होती, आणि मानेवर ते ठिगळ.

परिशिष्ट एकची नक्कल मागता येते हे फार थोड्या घेणाऱ्यांना माहीत असतं. मूर्ती अमुक देवळाची "पुजाऱ्यांनी दिली" असं कोणी सांगितलं तर ही नक्कल आधी बघावी. सार्वजनिक देवळाची उत्सवमूर्ती पुजाऱ्याच्या मालकीची नसते, त्यामुळे त्याने राजीखुशीने दिली तरी ती विक्री होत नाही. "शेतात नांगरताना सापडली" ही दुसरी नेहमीची गोष्ट. जमिनीत पुरलेलं काही मिळालं तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तेव्हा तसं सांगणाऱ्याकडे जिल्हाधिकारी कार्यालयाचा कागद मागायचा. तो नसेल तर गोष्ट खरी असली काय आणि खोटी असली काय, मूर्ती घेता येत नाही.

पुढचं काम ट्रस्टने केलं. मी माझे फोटो, फुटपट्टीसकट, आणि माझा जबाब दिला. पोलिसांनी मूर्ती दुकानातून पंचनामा करून जप्त केली. मूर्ती मिळाली म्हणजे लगेच गावी गेली असं होत नाही. ती मुद्देमाल असते, आणि ताबा मिळण्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागतो. इथे परिशिष्ट एक आणि तो पालखीचा फोटो कामाला आला. अर्ज अजून चालू आहे. गुरवकाकांचा दर रविवारी फोन येतो.

या सगळ्यानंतर मी मूर्ती घेणं सोडलेलं नाही. गेल्या महिन्यात म्हाळसेचा एक मुखवटा घेतला, दुसऱ्या दुकानातून. दाखला मूळ, फोटोतली कानामागची चीर मुखवट्यावर तशीच, माप मिलिमीटरच्या फरकाने बरोबर. दाखला ज्यांच्या नावाचा, त्यांच्या मुलांमधलं वाटणीपत्र होतं आणि त्यात "देव्हाऱ्यातील चांदी-पितळेचे देव" धाकट्याकडे गेल्याचं लिहिलं होतं. धाकट्याने दुकानदाराला विकल्याचं नोंदवहीतलं पान मी पाहिलं. त्यांच्या घरच्या एका लग्नाच्या फोटोत मागे देव्हारा दिसतो, त्यात हा मुखवटा आहे. बिलावर नोंदणी क्रमांक, वर्णन, मापं, वजन लिहून घेतलं, शिवाय मालकीबद्दल कुणाचा दावा निघाला तर पूर्ण पैसे परत, असं एक वाक्य दुकानदाराच्या सहीने. निम्मे पैसे तेव्हा दिले. मालकी बदलल्याचं नोंदणी अधिकाऱ्याला कळवून, त्याची पोच दुकानदाराने दाखवल्यावर बाकीचे.